सूट मिळालेली मुलगी

जानेवारीतल्या शनिवारी संध्याकाळी गुंजवण्यात गाड्या यायला लागतात. पुणे-सातारा रस्ता सोडून नसरापूर, मार्गासनी, साखर असं करत माणसं राजगडाच्या पायथ्याशी येतात, कुणाच्या तरी अंगणात सॅक टाकतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "मावशी, जेवायला काय मिळेल?" मग चूल पेटते. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. रात्री उशिरापर्यंत भांडी वाजतात. सूर्योदय गडावर बघायचा म्हणून यातलीच काही मंडळी पहाटे तीन-साडेतीनला उठतात आणि चहा मागतात, म्हणजे घरालाही तेव्हाच उठावं लागतं. आता अशा एखाद्या घरात दहावीतली मुलगी आहे असं समजा. सोमवारी तिची बीजगणिताची सराव परीक्षा आहे.

परीक्षेच्या ताणावर कुमारवयीन वाचकांसाठी गोष्ट लिहू पाहणारे बरेच जण मला विचारतात, सुरुवात कुठून करायची? मी त्यांना हे अंगण दाखवते. कारण असं की आपल्याकडची अशा विषयावरची बहुतेक हस्तलिखितं एकाच घरात घडतात. बाबा नोकरीवाले, आई क्लासच्या वेळा सांभाळणारी, शेजारच्याला 97 टक्के, मुलाला चित्रकलेची आवड, शेवटी शाळेतल्या सरांचं भाषण आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी. पंधरा वर्षांचा वाचक ही गोष्ट दुसऱ्या पानावरच ओळखतो. पुढचं तो वाचतो ते फक्त आपला अंदाज बरोबर निघाला का, हे पाहायला. त्याच्या बुद्धीचा मान राखायचा असेल तर त्याला अंदाज बांधता येणार नाही, पण वाचल्यावर 'हे खरं आहे' असं वाटेल, इतकं नेमकं काहीतरी लागतं. म्हणून एकच गोष्ट इथे सुरुवातीपासून बांधून दाखवते. मुलीचं नाव ऋतुजा ठेवू. ती, तिचं घर आणि पुढचे प्रसंग गोष्टीतले आहेत, गाव आणि परीक्षा खरी.

पहिला प्रश्न: या घरात ताण नेमका कोणत्या रूपात येतो? लिहिणारा पटकन म्हणतो, 'आईवडील कामाला जुंपतात, अभ्यासाला वेळ मिळत नाही.' हे घडतंही. पण मला त्याचं उलटं रूप जास्त खरं वाटतं, आणि ते फारसं लिहिलं गेलेलं नाही. दिवाळीनंतर आईने ऋतुजाला सगळ्या कामांतून मोकळं केलंय. "तू फक्त अभ्यास कर." पाणी आता बारा वर्षांचा भाऊ भरतो. ताटं तोच मांडतो. भाकऱ्या आई आणि चुलती दोघीच थापतात. ऋतुजा आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसली आहे आणि आई जाता-येता दार ओढून घेते, गोंगाट आत येऊ नये म्हणून. कुणी तिच्यावर ओरडत नाही. कुणी टक्के विचारत नाही. आणि म्हणूनच तिला श्वास घ्यायला जागा नाही. रागावणाऱ्या माणसावर उलट रागावता येतं. आपल्यासाठी राबणाऱ्यावर कसं रागावणार? मिळालेल्या सुटीची परतफेड फक्त गुणांत होऊ शकते, आणि गुण तिच्याकडे नाहीत. सराव परीक्षेच्या आधीच्या चाचणीत तिला बीजगणितात 40 पैकी 11 मिळालेत. तो पेपर तिने तांदळाच्या कणगीमागे सरकवून ठेवला आहे.

इथे गोष्टीला खलनायक उरत नाही. हे अवघड वाटतं, पण गोष्टीचा दर्जा इथेच ठरतो. खलनायक असला की वाचकाला काहीच ठरवावं लागत नाही. आई प्रेमळ आहे, तिचं वागणं शहाणपणाचं आहे, आणि तरीही त्याचं ओझं होतंय, हे दोन्ही एका वेळी धरून ठेवणं पंधराव्या वर्षी चांगलंच जमतं. कित्येक मुलं रोज तेच करत असतात.

आता अभ्यास. 'ती खूप अभ्यास करत होती, पण डोक्यात काही शिरत नव्हतं' हे वाक्य खोडून टाका. दाराआड काय चाललंय ते पाहा. ऋतुजा इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली आहे, कारण ते तिला येतं. दहावीच्या इतिहासात 'पर्यटन आणि इतिहास' असा धडा आहे. ज्या धंद्यावर तिचं घर चालतं त्याचे प्रकार ती पाठ करते आहे आणि भिंतीपलीकडे तो धंदा चालू आहे. (या योगायोगावर गोष्टीत एकही वाक्य लिहू नका. धड्याचं नाव येऊ द्या, पुढचं वाचक बघेल.) मग ती वहीला समास आखते. महत्त्वाचे शब्द दोन रंगांनी अधोरेखित करते. वेळापत्रक पुन्हा नव्याने लिहिते, या वेळी स्केचपेनने. बीजगणिताचं पुस्तक सगळ्यात खाली आहे. भीतीची गोष्ट टाळली की त्या क्षणी बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून ती पुन्हा टाळली जाते. आळस आणि हे टाळणं बाहेरून सारखं दिसतं, आतून नाही. तीन तास बसलेली मुलगी थकून उठते, अभ्यास केला असं घर समजतं, आणि काय केलं नाही ते तिला एकटीला ठाऊक असतं. हा फरक तुम्ही कृतीतून दाखवलात तर वाचक तुमच्यावर विश्वास टाकेल, कारण त्याने स्वतःही समास आखलेले असतात.

पेपरचा प्रसंगही असाच लिहा. 'घाम फुटला, डोळ्यांसमोर अंधारी आली' हे सगळ्यांनी लिहून झालंय. खरी यंत्रणा साधी आहे. गणित सोडवताना दोन-तीन गोष्टी एकदम मनात धरून ठेवाव्या लागतात, आणि मनातली ही जागा छोटी असते. तिथे 'हे जमलं नाही तर' येऊन बसलं की गणिताला जागा उरत नाही. घरी आलेलं उदाहरण वर्गात येत नाही, ते यामुळे. दोन चलांतील रेषीय समीकरणांवरचं शाब्दिक उदाहरण घ्या: एक दोन अंकी संख्या, अंकांची अदलाबदल, बेरीज अमुक. ऋतुजा प्रश्न वाचते. शेवटच्या ओळीपर्यंत येते तोवर पहिली ओळ गेलेली असते. पुन्हा वाचते. तिसऱ्यांदा वाचते. मग उत्तरपत्रिकेवर लिहिते, 'समजा'. प्रत्येक शाब्दिक उदाहरण याच शब्दाने सुरू होतं, तेवढं हाताला पाठ आहे. पुढे काय समजायचं ते येत नाही. ती पुढच्या उदाहरणाकडे वळते आणि तिथेही लिहिते, 'समजा'. कणगीमागच्या त्या पेपरवर असे चार 'समजा' आहेत आणि त्यांच्यापुढे कोरी जागा. एवढं लिहिलं तर घामाची गरज पडत नाही.

तपशिलांचं इथे थोडं सांगायला हवं, कारण कुमारवाचक सगळ्यात आधी तपशिलात पकडतो. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा स्वतःची दहावी असते. गुणवत्ता यादी, यादीत आलेल्यांचे पेढे भरवतानाचे फोटो, नापास झालेल्याची ऑक्टोबरची वारी. ती दहावी संपली. बोर्डाची गुणवत्ता यादी केव्हाच बंद झाली. 2015 पासून निकालानंतर थोड्याच आठवड्यांत फेरपरीक्षा होते, त्यामुळे 'एका विषयाने वर्ष वाया गेलं' हे जुनं वाक्य आता जसंच्या तसं चालत नाही. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो. गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी 40 गुणांचे, दोन-दोन तासांचे, आणि उरलेले 20 गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. 2023 पासून शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात. ती दहा मिनिटं गोष्टीत किती कामाला येतील बघा: ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती सगळ्यात लांब दहा मिनिटं असतात. उत्तीर्णतेचे नियम मात्र मधूनमधून बदलतात; त्या वर्षीचे नियम दहावीच्या एखाद्या शिक्षकाला विचारून घ्या आणि मगच गोष्टीत पास-नापासाचा हिशेब मांडा. वाचक तो हिशेब हमखास करून पाहतो.

आता आणखी एक बारीक मुद्दा. तुमची मुलगी नापास होणार आहे की नाही, हे गोष्टीला ठाऊक असण्याची गरज नाही. निकाल गोष्टीच्या बाहेर ठेवता येतो. माझं मत तर असं की ठेवावाच. निकाल आत घेतला की गोष्ट त्याच्याकडे धावते आणि शेवटी एकतर पेढे असतात नाहीतर धडा. हेर्मान हेसेने 1906 साली प्रसिद्ध झालेल्या 'चाकाखाली' या अर्थाच्या कादंबरीत हे फार पूर्वी ओळखलं होतं. त्यातला हान्स परीक्षेत दुसरा येतो, आणि त्याची पडझड त्यानंतर सुरू होते. ताण आणि निकाल यांची गाठ आपण समजतो तितकी सरळ नसते.

गुंजवण्याचा उपयोग कसा करायचा? इथे मोह फार आहेत. गड समोर उभा आहे, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं, मुलीला गडावर न्यावं, चोरदरवाज्याच्या आधीच्या कातळातल्या चढावर तिला दमवावं, पद्मावती माचीवर सूर्योदय दाखवावा आणि तिला उमगावं की परीक्षा हा असाच एक चढ आहे. किंवा त्रिकोणमितीतला उन्नत कोन सुवेळा माचीकडे बोट दाखवून समजावा. दोन्ही टाळा. गुंजवण्याच्या मुलीला गड रोज दिसतो. ती त्यातून उपमा काढत बसत नाही. तिच्यासाठी गड म्हणजे शनिवार-रविवार, वर नेऊन विकायचं ताक आणि लिंबू सरबत, परतणाऱ्यांनी मागितलेलं पाणी. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात राजगड आहे. गोष्टीत ही बातमी यायची असेल तर ती चुलतीच्या तोंडी यावी, 'आता माणसं वाढतील, पीठ जास्त दळून आणायला हवं' अशी.

स्थळाचा खरा फायदा वेगळा आहे. परीक्षेच्या आधीच्या प्रत्येक आठवड्यात या अंगणात शिकलेली, नोकरीवाली माणसं येतात आणि दहावीची मुलगी दिसली की बोलतात. ही सोय शहरातल्या बंद घरात नाही. कुणी म्हणतं, दहावीच खरा पाया. कुणी मोबाइलवर अभ्यासाचं ॲप दाखवतं. आणि एक दादा, शांत, भला माणूस, ताट पुसून खात असताना म्हणतो, "टक्क्यांचं एवढं काही नसतं गं. मी सांगतो ना, पुढे कुणी विचारत नाही." ऋतुजा विचारते, "तुम्हाला किती होते?" तो जरा थांबतो. "ब्याण्णव. पण ते सोड."

हा संवाद मी फार जपून ठेवते. तो माणूस खोटं बोलत नाही, त्याच्या आयुष्यात पुढे खरंच कुणी विचारलं नसेल. पण ब्याण्णव मिळालेल्यालाच ते विचारलं जात नाही, हे ऋतुजाला दिसतं. इथे तिच्या मनातला विचार लिहू नका. 'ती काहीच बोलली नाही, ताकाचा तांब्या पुढे केला' एवढं पुरे. आपण मोठी माणसं परीक्षेच्या ताणावरच्या गोष्टींत जे सांत्वन घालतो, ते बहुतेक वेळा या दादाचंच असतं. मुलांना त्यातली मेख आपल्याआधी कळते.

याच जातीचं दुसरं सांत्वन म्हणजे 'पुस्तकी गणित येत नसलं तरी व्यवहारातलं गणित तिला छान येतं.' ऋतुजाला ते येतंच. बावीस माणसं, माणशी दोन भाकऱ्या, वर चार जास्तीच्या, म्हणजे पीठ किती. हे ती दाराआडून भाकरी थापल्याचे आवाज मोजत करते. गोष्टीत हे जरूर यावं, कारण बीजगणित टाळून तिचं मन कुठे जातं ते त्यातून कळतं. पण त्याचा पुरस्कार म्हणून वापर करू नका. सोमवारच्या पेपरात भाकऱ्या विचारणार नाहीत, हे ती जाणते आणि तुमचा वाचकही.

भाषेचं थोडक्यात. निवेदन ऋतुजाच्या तोंडी ठेवायचं असेल तर प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टी आणि मिलिंद बोकीलांची 'शाळा' पुन्हा वाचा, शब्द उचलायला नाही तर निवेदक स्वतःला किती कमी समजावून सांगतो ते पाहायला. मावळातली बोली संवादात हलकीशी येऊ द्या. प्रत्येक वाक्याला हेल लावला की पात्रं गावची राहत नाहीत, गावाच्या प्रदर्शनातली होतात. मुलं आपसात 'पेपर', 'प्रिलिम', 'सर', 'बोर्डाचं हॉल तिकीट' असंच बोलतात, ते तसंच ठेवा.

एक गंभीर मुद्दा मध्येच आणते, कारण या विषयावर लिहिताना तो टाळून चालत नाही. ताण दाखवायचा म्हणजे शेवटी पात्राने जीव द्यायचा, ही सवय आपल्या गोष्टींना आणि चित्रपटांना लागली आहे. ती सोडा. नेटफ्लिक्सच्या 2017 मधल्या 'थर्टीन रीझन्स व्हाय' या किशोरवयीनांच्या मालिकेत आत्महत्येचा प्रसंग तपशिलाने दाखवला होता. तज्ज्ञांच्या आक्षेपांनंतर 2019 मध्ये तो काढून टाकावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना प्रसारमाध्यमांसाठी आहेत, पण कथालेखकालाही त्या लागू पडतात: पद्धत वर्णन करू नये, एकाच कारणावर सगळं ढकलू नये, सुटकेचा मार्ग म्हणून दाखवू नये. पात्राच्या मनात असा विचार येतच असेल तर कुणीतरी त्याबद्दल सरळ विचारतं असा प्रसंग लिहा, "जीव द्यायचं मनात येतं का?" असं, आडपडदा न ठेवता. सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. आणि अशी गोष्ट छापताना खाली टेलिमानसचा 14416 हा क्रमांक द्या. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, तिथे मराठीत बोलता येतं. ऋतुजाच्या गोष्टीत मी हे आणलेलं नाही. तिच्यावरचा ताण खरा ठरायला मरणाची साक्ष लागत नाही.

मग गोष्ट पुढे सरकते कशाने? ऋतुजाला काय हवंय, ते ठरवा. 'चांगले गुण' हे उत्तर ढोबळ आहे. तिला सूट नको आहे. शनिवारी रात्री ती पुस्तक मिटून बाहेर येते आणि परातीजवळ बसते. आई म्हणते, "आत जा. तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं." या वाक्यात राग नाही. हे वाक्य गोष्टीच्या बरोबर मध्यावर यावं, आधी नाही, कारण तोपर्यंत वाचकाने कणगीमागचा पेपर पाहिलेला हवा. तरच त्याला ते वाक्य ऋतुजाच्या कानांनी ऐकू येईल.

माझ्या पहिल्या खर्ड्यात यानंतर शाळेतले सर घरी येत होते. ते कणगीमागचा पेपर शोधून काढत आणि आईला समजावत. दीड पान झालं होतं ते. काढून टाकलं. बाहेरून आलेल्या शहाण्या माणसाने गाठ सोडवली की वाचकाच्या हातात काही उरत नाही, आणि ऋतुजाच्याही. गाठ घरातल्याच कुणाकडून सैल व्हायला हवी होती, आणि ती व्यक्ती कथेत आधीपासून होती. बारा वर्षांचा भाऊ. तो पाणी भरतोय, ताटं उचलतोय, त्याचा शनिवारचा कबड्डीचा डाव बुडतोय, आणि त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. लिहिणाऱ्यानेही नाही. रात्री भांडी घासताना तो म्हणतो, "तू नापास झालीस तर मी हे फुकट करतोय का?"

हा प्रश्न क्रूर वाटेल. पण त्या घरात तो एकटाच हिशेब मोठ्याने बोलतोय. आई, चुलती, दादा, सगळे ज्याच्याभोवती प्रेमाने वळसा घालतात, ते त्याने समोर ठेवलंय. ऋतुजाला पहिल्यांदा कुणावर तरी रागावता येतं, आणि राग उतरल्यावर कुणाला तरी काहीतरी दाखवता येतं.

लिहून झालं की गोष्ट दहावीतल्या दोन-तीन मुलांना वाचायला द्या, पण 'आवडली का?' विचारू नका. ती सभ्यपणे हो म्हणतील. 'वाचायचं कुठे थांबलात?' विचारा. 'यात कोण खोटं बोलतंय?' विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळेल तिथे तुम्ही बहुधा समजावत बसलेले असता. दुसऱ्याचं उत्तर जर 'लेखिका' असं आलं तर तो परिच्छेद कितीही आवडता असला तरी काढा.

राहिला शेवट. दोन शेवट मी लिहून पाहिले. एकात ऋतुजा पहाटे तीनला आईच्या आधी उठते, चूल पेटवते आणि पेपर आईच्या हातात देते, आई चुलीच्या उजेडात तो वाचते आणि विचारते, "यातलं कुठलं तुला येतं?" चांगला आहे, आई त्यात शहाणी दिसते. पण आई शहाणी आहे हे वाचकाला आधीच माहीत होतं. दुसरा शेवट रात्रीचाच आहे. भांडी पालथी घालून झाली आहेत, ट्रेकवाले अंगणात झोपलेत. ऋतुजा कणगीमागे हात घालते, पेपर काढते आणि भावासमोर धरते. तो बॅटरीच्या उजेडात वरचा आकडा वाचतो, मग खाली एकेक 'समजा' बघत जातो. मग विचारतो, "हे किती पैकी?"

"चाळीसपैकी," ती म्हणते, आणि पेपर घडी न घालता पुस्तकात ठेवते.

मी हा ठेवला.